न्यायदान मंडळावरील प्रकल्पाची तोंडी परीक्षा : ‘हे तुम्हाला कोणी सांगितले?’ या प्रश्नावर मी अडकते आहे

कृष्णाकाठची (वाळवा तालुका)

नमस्कार. मी इतिहास विषयात एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा बारा दिवसांवर आली आहे. विषय आमच्याच गावचा आहे. १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाने गावात कोणते तंटे मिटवले आणि कसे मिटवले, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे. प्रकल्प ८४ पानांचा असून बांधून, सही होऊन महाविद्यालयात जमा झाला आहे. त्याचा मुख्य आधार तीन वृद्धांच्या मुलाखती हा आहे. त्यांपैकी ज्यांच्यावर तिसरे प्रकरण जवळजवळ पूर्णपणे उभे आहे ते आजोबा आज ९१ वर्षांचे आहेत, म्हणजे त्या वेळी ते नऊ वर्षांचे होते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लपणारी नाही : मंडळाच्या पाच पंचांपैकी एक माझे सख्खे आजोबा होते.

रविवारी धाकट्या भावाला बाह्य परीक्षक करून सराव केला. तो इतिहासाचा विद्यार्थी नाही, म्हणून त्याने सोपेच प्रश्न विचारले आणि मी त्या सोप्या प्रश्नांवरच गडबडले. ‘नऊ वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर विश्वास का ठेवायचा?’ यावर मी म्हणाले, ‘ते अत्यंत प्रामाणिक गृहस्थ आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती आजही उत्तम आहे.’ हे उत्तर नव्हे, हे माझे मलाच कळले. त्यानंतर त्याने कोणतेही पान उघडून बोट ठेवायचे आणि ‘हे तुम्हाला कोणी सांगितले?’ एवढेच विचारायचे, असा खेळ सुरू केला. चौथ्या वेळी माझा आवाज चढला. माझ्या स्वतःच्या आजोबांविषयी विचारले तेव्हा तर मी उठूनच गेले.

ज्यांनी अशी परीक्षा दिली आहे किंवा घेतली आहे, त्यांनी कोणते प्रश्न येतात आणि शांतपणे काय सांगावे, हे कृपया लिहावे.

मिरजमळा

ताई, मुलाखतीत आत्मविश्वास फार महत्त्वाचा असतो. मी दोन वेळा राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत गेलो होतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ, नद्या, साखर कारखाने आणि चालू घडामोडी यांची उजळणी करून ठेवा, कारण स्वतःच्या जिल्ह्याविषयी हमखास विचारतात.

कृष्णाकाठची

धन्यवाद दादा, परंतु ही स्पर्धा परीक्षेची मुलाखत नाही. समोर फक्त दोन परीक्षक असतात, दोघांच्याही हातात माझाच प्रकल्प असतो आणि प्रश्न त्यातल्या मजकुरावरच येतात.

जुनीपेठ_सातारा

मी एका महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवला आणि बाह्य परीक्षक म्हणून बऱ्याच ठिकाणी जाऊन आलो. प्रश्नांची यादी देण्याआधी मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. तिसऱ्या प्रकरणातील कोणताही एक लहान परिच्छेद येथे द्या आणि त्याच्याखाली ध्वनिमुद्रणात ते आजोबा प्रत्यक्ष काय बोलले आहेत ते जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत लिहा. सुधारून लिहू नका.

तासगावकर

सरांच्या आधी मी एक सांगतो. तुमच्या प्रकल्पाच्या शीर्षकात ‘सांगली जिल्ह्यातील’ असे शब्द असतील तर पहिला प्रश्न त्यावरच येईल. १९४३ मध्ये सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. कुंडलही ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यातच होते आणि तिथूनच सगळी चळवळ चालायची. त्यामुळे सगळीकडे सरळ ‘सातारा जिल्हा’ करून टाका.

कृष्णाकाठची

शीर्षकात नेमके तेच शब्द आहेत, दादा. आता ते बदलता येत नाहीत.

सर, ७ व्या मुलाखतीतील हा भाग देते. (मुलाखती तिघांच्या असल्या तरी बैठका अकरा झाल्या.)

प्रकल्पात, पृष्ठ ५१ वर : ‘बांधावरून दोन भावांत तंटा होता. दोघांनाही देवळासमोर बसवण्यात आले. पंचांनी बांधावर दगड रोवला व धाकट्या भावास पाच रुपये दंड केला. धाकट्याने पंचांचे पाय धरून क्षमा मागितली.’

ध्वनिमुद्रणात : ‘बांदावरनं भांडान हुतं त्येंचं. दोघास्नी बी देवळाम्होरं बशिवलं. मी पारावर हुतो. पंचांनी बांदाला धोंडा रवला, तवा बी मी गेलतो बघाय. दंड क्येला म्हणं पाच रुपयं. आन् धाकट्यानं पाय धरलं म्हणं.’

जुनीपेठ_सातारा

तुमची अडचण या सहा ओळींतच आहे आणि तिचे उत्तरही इथेच आहे. त्या आजोबांनी तुम्हाला पाहिलेले आणि ऐकलेले स्वतःच वेगळे करून दिले होते. देवळासमोरची बैठक त्यांनी पारावरून पाहिली. धोंडा रोवताना ते मुद्दाम बघायला गेले होते. दंड आणि पाय धरणे या दोन गोष्टींना मात्र त्यांनी ‘म्हणं’ जोडले आहे, म्हणजे त्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत, कोणाकडून तरी ऐकल्या आहेत. आपल्या भाषेत हा एक शब्द साक्षीदाराची जागा दाखवतो. तुम्ही बोलीची प्रमाण मराठी करताना तो शब्द अडाणीपणाचा समजून गाळला आणि चारही गोष्टी एकाच खात्रीच्या पातळीवर आणून ठेवल्या. म्हणून ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारल्यावर तुम्हाला राग येतो. उत्तर तुमच्या मुद्रणात आहे, पण तुमच्या पानावर नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ‘क्षमा मागितली’ हे शब्द आजोबांच्या तोंडी नाहीतच. आपल्याकडे पाय धरण्याला अनेक अर्थ आहेत. माणूस विनवणी करताना पाय धरतो, सुटलो म्हणून धरतो आणि वडीलधाऱ्यांच्या निव्वळ पाया पडतानाही धरतो. धाकट्याने चूक कबूल केली हा निष्कर्ष तुमचा आहे आणि तो तुम्ही साक्षीदाराच्या नावावर घातला आहे. अनुभवी परीक्षक पृष्ठ ५१ उघडील तेव्हा त्याचे बोट इथे थांबेल.

सरावाच्या आधी हे करा. संपूर्ण मुद्रण पुन्हा ऐका आणि तिसऱ्या प्रकरणातील प्रत्येक विधानाच्या समासात पेन्सिलीने ‘पा’ किंवा ‘ऐ’ लिहा. जिथे ठरवता येणार नाही तिथे कोरे सोडा. नंतर भावाला तोच खेळ पुन्हा खेळू द्या.

तासगावकरांच्या म्हणण्यात तालुक्यांचा भाग बरोबर आहे, पण कुंडलचा नाही. कुंडल औंध संस्थानात होते, पंतप्रतिनिधींच्या. आसपासची बरीच गावे ब्रिटिश हद्दीत आणि मध्येच संस्थानी मुलूख, अशी ती सरमिसळ होती. भूमिगतांना हद्द ओलांडून निसटायला तिचा उपयोग झाला, म्हणून हा तपशील निव्वळ शीर्षकापुरता नाही. सांगली हेही तेव्हा पटवर्धनांचे वेगळे संस्थान होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. तेव्हा शीर्षकाविषयी विचारले तर त्याचे समर्थन करत बसू नका. एवढे सांगा : ‘गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, म्हणून शीर्षकात आजचे नाव वापरले आहे. अभ्यासाच्या काळात हा तालुका सातारा जिल्ह्यात होता आणि शीर्षकात तसे स्पष्ट करायला हवे होते.’ दोन वाक्ये पुरेत.

तासगावकर

कुंडलची चूक मान्य आहे. आमच्याकडे प्रतिसरकार म्हटले की कुंडल आणि सातारा एकाच दमात म्हणतात, त्यामुळे ते तसेच डोक्यात बसले होते. मात्र ३ सप्टेंबर १९४२ चा तासगाव कचेरीवरचा मोर्चा त्यांनी पहिल्या प्रकरणात घ्यायलाच हवा, या मतावर मी ठाम आहे.

कोयनाकाठ_पाटण

माझी स्वतःची गोष्ट लिहितो, कारण शांत न राहिल्याने काय होते ते तीत दिसते. माझा विषय सातारचे राज्य खालसा होणे हा होता. परीक्षकांनी विचारले, ‘प्रतापसिंह महाराजांना पदच्युत कोणी केले?’ मी तडक ‘डलहौसीने’ म्हणालो. त्यांनी सौम्यपणे विचारले, ‘कोणत्या साली?’ मी ‘१८३९’ असे बरोबर साल सांगितले. मग त्यांनी विचारले, ‘आणि डलहौसी हिंदुस्थानात कधी आला?’ तो १८४८ मध्ये आला हेही मला पाठ होते. म्हणजे माझी दोन उत्तरेच एकमेकांना खोटे पाडत होती. त्या क्षणी ‘माझी चूक झाली, खालसा करण्याचा प्रश्न प्रतापसिंहांचे बंधू आप्पासाहेब १८४८ मध्ये वारल्यानंतर आला’ असे म्हणालो असतो तर विषय संपला असता. त्याऐवजी मी दहा मिनिटे ‘धोरण तेच होते’ असे वाद घालत बसलो. त्यांनी मला चुकीसाठी नव्हे, तर त्या दहा मिनिटांसाठी गुण कापले असावेत, असे मला आज वाटते.

वाईची_वकील

मी इतिहासाची नाही, पण साक्षीपुराव्याशी रोजचा संबंध आहे. न्यायालयात ऐकीव गोष्ट सहसा पुरावा म्हणून टिकत नाही. त्यामुळे ‘म्हणं’ असलेली सगळी विधाने तू बाजूला काढावीस आणि पाहिलेल्याच गोष्टींवर बोलावेस, असे मला वाटते. दुसरे म्हणजे, जे विचारले नाही ते आपणहून सांगू नये. ‘क्षमा मागितली’ हे परीक्षकांच्या लक्षात आले नाही तर तू ते कशाला दाखवायचे?

जुनीपेठ_सातारा

वकीलबाईंचा पहिला मुद्दा अर्धाच मान्य करतो. न्यायालयाला निकाल द्यायचा असतो, म्हणून ते ऐकीव बाजूला ठेवते. इतिहासात ऐकीवही कामाचे असते, पण वेगळ्या प्रश्नासाठी. दंड खरोखर किती झाला, हे ‘म्हणं’वरून सिद्ध होत नाही. मंडळाने दंड केला अशी गावात बोलवा होती आणि ती एका नऊ वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचली होती, हे मात्र त्यावरून दिसते. जी संस्था लपूनछपून चालत होती तिचा दबदबा याच बोलण्यातून चालत असे, त्यामुळे ही गोष्ट लहान नाही.

दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत नाही. परीक्षक आरोपीची उलटतपासणी घ्यायला बसलेला नसतो.

वाईची_वकील

सर, मी अनेक परीक्षक पाहिलेले नाहीत, पण उलटतपासणी घेणारी माणसे पुष्कळ पाहिली आहेत आणि ती सगळी न्यायालयातच असतात असे नाही. माझे मत बदललेले नाही.

कृष्णाकाठची

चार दिवस मुद्रणच ऐकत होते. अकरा बैठकांपैकी या आजोबांच्या पाच. त्यांत ‘म्हणं’ एकूण २३ वेळा आले आहे आणि त्यांपैकी सहा ठिकाणचा मजकूर मी तिसऱ्या प्रकरणात ठाम विधान म्हणून लिहिला आहे. पेन्सिलीच्या खुणा करताना मला एक लक्षात आले. तंटा, बैठक, धोंडा, वाटणीची भांडी मोजणे या सगळ्या गोष्टी ‘पा’ निघाल्या. दंड, शिक्षा आणि कोण काय म्हणाले या बहुतेक ‘ऐ’ निघाल्या. मूल पारावरून जे बघू शकते ते पाहिलेले आहे आणि जे कानावर पडते ते ऐकलेले आहे. पंचांचे बोलणे हळू आवाजात होत असे, असे ते दोनदा म्हणाले आहेत.

काल संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन आले. ‘पाच रुपयेच ना?’ असे विचारले नाही. फक्त ‘दंडाचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’ एवढेच विचारले. ते बराच वेळ तपकिरीची डबी बोटांत फिरवत राहिले आणि म्हणाले, ‘आमच्या आईनं. तिला हिरीवर त्या धाकट्याच्याच बायकूनं सांगितलेलं. पाच का सात ते न्हाई सांगता यायचं, पर रुपयं भरलं ह्ये खरं.’ म्हणजे धाकट्याची बायको, तिच्याकडून यांची आई, आईकडून हे, अशी ती साखळी आहे.

सर, आता शंका अशी की, परीक्षेच्या आठवडाभर आधी पुन्हा विचारून मी पुरावा बिघडवला तर नाही ना?

जुनीपेठ_सातारा

नाही, मात्र दोन्ही बैठकांच्या तारखा वेगळ्या नोंदवा आणि दुसऱ्या वेळचे उत्तर पहिल्याच्या जागी घालू नका. पहिल्या वेळी पाच, दुसऱ्या वेळी पाच की सात. हा फरक झाकायचा नाही. उलट तुम्हाला जे मिळाले आहे ते पहिल्यापेक्षा मोलाचे आहे. ज्याला दंड झाला त्याच्याच घरातून ती बातमी निघाली आहे. पंचांच्या बाजूच्या माणसाने फुशारकीने सांगितली असती तर मी तिच्याकडे अधिक संशयाने पाहिले असते.

आता नऊ वर्षांच्या मुलाविषयीच्या प्रश्नाला तुमचे उत्तर असे होऊ शकेल : ‘सर, मी त्यांच्या सगळ्या आठवणींवर सारखा विश्वास ठेवलेला नाही. बैठक आणि धोंडा त्यांनी स्वतः पाहिला. दंडाची गोष्ट त्यांनी आईकडून ऐकली आणि तसे ते स्वतःच सांगतात. त्यामुळे दंड झाला एवढे मी धरते, रकमेवर काहीही उभे करत नाही.’ एवढे बोलून थांबा. समोरचे गप्प राहिले म्हणजे ते असमाधानी आहेत असे नव्हे. पुष्कळदा ते नुसते पान शोधत असतात. विद्यार्थी त्या शांततेत घाबरून आणखी चार वाक्ये बोलतात आणि त्यांतले एखादे चुकते.

वयाबद्दल आणखी एक. ९१ हे वय कोठून काढले?

कृष्णाकाठची

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून. त्यावर १ जून १९३४ आहे.

जुनीपेठ_सातारा

मग सावध व्हा. त्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनला झालेला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. ‘दाखल्यानुसार नऊ, प्रत्यक्षात एखाद्या वर्षाने मागेपुढे’ असे म्हणा.

आणि त्या बैठकीची तारीख? तुम्ही पृष्ठ ५१ वर ‘१९४३ च्या पावसाळ्यात’ असे लिहिले आहे का?

कृष्णाकाठची

होय, अगदी तसेच लिहिले आहे. ते म्हणाले होते, ‘शेणोलीची गाडी धरली, त्याच्या फुडच्या पावसात.’ सरकारी रोकड नेणारी शेणोलीची रेल्वेगाडी ७ जून १९४३ रोजी अडवली गेली, म्हणून मी तोच पावसाळा धरला.

तासगावकर

हे तर बरोबरच दिसते. ७ जूनला मृग निघतो. गाडी धरली आणि लगेच पाऊस सुरू झाला.

जुनीपेठ_सातारा

मृगामुळेच तर घोटाळा आहे. गाडी पावसाळ्याच्या उंबरठ्यावर अडवली गेली. तेव्हा ‘फुडचा पाऊस’ म्हणजे त्याच आठवड्यात सुरू झालेला १९४३ चा की त्यानंतरचा १९४४ चा, हे नुसत्या शब्दांवरून सांगता येत नाही. आपल्या बोलण्यात ‘फुडच्या साली’ म्हणजे पुढल्या वर्षी, पण ‘फुडचा पाऊस’ म्हणजे लगेच येणारा पाऊसही असू शकतो. त्यांना पुन्हा विचारले तर आता तुमच्या प्रश्नाचा कल पाहून ते एक निवडतील. मी असतो तर ‘जून १९४३ ते सप्टेंबर १९४४ या दरम्यानच्या दोन पावसाळ्यांपैकी एक’ असे उत्तर दिले असते. दुसऱ्या कोणत्या घटनेची जोड आहे का? घरातला जन्म, मृत्यू, लग्न, विहिरीचे काम, बैल घेतल्याचे साल?

कृष्णाकाठची

दुसऱ्या साक्षीदार आजी आहेत. त्या म्हणाल्या होत्या की, धोंडा रोवला तेव्हा त्यांची बहीण रांगत होती. बहिणीच्या दाखल्यावर १ जून १९४३ आहे. सर, मी आत्ता हे टंकताना हसू की रडू अशा अवस्थेत आहे.

कोयनाकाठ_पाटण

तरीही त्याचा थोडा उपयोग आहे. साल अगदीच खोटे नसेल तर १ जूनला जन्मलेले मूल त्याच पावसाळ्यात रांगणार नाही. मग १९४४ कडे काटा झुकतो.

जुनीपेठ_सातारा

झुकतो, ठरत नाही. मूल आधीच्या हिवाळ्यात जन्मलेले असून दाखल्यावर जून पडला असेल तर १९४३ चा पावसाळाही जमतो. परीक्षेत ही संपूर्ण खटपट दोन वाक्यांत सांगता आली तर फार चांगले. तारीख न ठरणे हा दोष नाही. ठरली नसताना ठरवून लिहिणे हा दोष आहे.

आष्ट्याची_मावशी

मुली, तुझ्या आजोबांच्या प्रश्नाचे काय झाले? मला वाटते तुझी खरी भीती तीच आहे.

कृष्णाकाठची

होय मावशी. ‘तुमचे आजोबा पंच होते, मग तुम्ही मंडळाची बाजू घेणारच’ असे भाऊ म्हणाला तेव्हा मी उठून गेले होते. या वेळी बसून राहिले आणि हे लिहून काढले :

‘माझे आजोबा पंच होते, हे प्रस्तावनेत पृष्ठ ६ वर दिले आहे. त्यामुळे पंचांच्या घरांतून मला माहिती सहज मिळाली आणि ज्यांच्याविरुद्ध निकाल गेला त्या घरांतून कमी मिळाली. अकरापैकी एकच बैठक अशा घरात झाली आहे. म्हणून मंडळाचे निकाल गावाला न्याय्य वाटत होते, असे विधान मी केलेले नाही. पंचांच्या बाजूच्या घरांना ते न्याय्य वाटत होते, एवढेच म्हणता येते.’

फक्त अडचण अशी की, प्रकल्पाच्या समारोपात मी ‘गावाला न्याय्य वाटत होते’ असेच लिहिले आहे.

आष्ट्याची_मावशी

मग शेवटचे वाक्य बदल. ‘केलेले नाही’ असे म्हणू नकोस, ‘केले आहे, पण आता ते मला मर्यादेपलीकडचे वाटते’ असे म्हण.

जुनीपेठ_सातारा

मावशींचे बरोबर आहे.

याच ओघात दोन शब्दांची तयारी करून ठेवा. एक, ‘पत्री’, ज्यावरून लोक प्रतिसरकारला पत्रीसरकार म्हणत. परीक्षक विचारतील की, खरोखर पायाला पत्र्या ठोकत होते का? लोकांत हा शब्द बैलाच्या खुराला पत्री मारण्यावरून आला असे सांगतात. तळपायावर काठीने मारण्याच्या शिक्षेच्या आठवणी पुष्कळ ठिकाणी मिळतात, पण त्यावरून माणसाच्या पायाला लोखंड ठोकल्याचे सिद्ध होत नाही. तुमच्या तिघांपैकी कोणी काय पाहिले, एवढेच सांगा.

दोन, ‘लूट’. तुम्ही शेणोलीबद्दल काय लिहिले आहे?

कृष्णाकाठची

‘शेणोलीची गाडी लुटली’ असे लिहिले आहे. पत्रीच्या बाबतीत तिघांनीही ‘पत्री’ हा शब्द वापरला, पण कोणीही काही पाहिलेले नाही. आजींनी तर तो शब्द ‘लोकं म्हणायची’ असाच सांगितला.

जुनीपेठ_सातारा

त्या मोहिमेचे एक नेते कॅप्टन भाऊ लाड यांनी ‘लुटली’ या शब्दाला हयातभर हरकत घेतली. इंग्रजांनी लोकांकडून नेलेला पैसा परत आणला, अशी त्यांची मांडणी होती. सरकारच्या दृष्टीने तोच दरोडा. तुम्ही न्याय करायला बसू नका. ‘गाडी अडवून रोकड ताब्यात घेतली’ असे म्हणा आणि दोन बाजूंचे दोन शब्द वेगळे ठेवा.

मिरजमळा

आधी मी चुकीचे समजलो होतो, परंतु आता वाचतोच आहे. एक शंका विचारतो. ज्याला दंड झाला त्या धाकट्या भावाचे नाव प्रकल्पात आहे का? त्यांची नातवंडे गावातच असतील ना?

कृष्णाकाठची

नाव दिलेले नाही. ‘धाकटे बंधू’ असेच लिहिले आहे. परंतु त्याच पानाच्या तळटीपेत त्या शेताचे नाव दिले आहे आणि त्या नावाचे शेत गावात एकच आहे. त्यांचा नातू आमच्याच गल्लीत राहतो. हे माझ्या आत्तापर्यंत लक्षातच आले नव्हते.

वाईची_वकील

आता मात्र मी नक्की सांगते की, हे परीक्षेत कोणी विचारण्याआधी तू त्या घरी जाऊन ये.

जुनीपेठ_सातारा

मला याचे सरळ उत्तर देता येत नाही. शेताचे नाव काढले तर पुढच्या अभ्यासकाला तो धोंडा तपासता येणार नाही. ठेवले तर ते घर ओळखू येते. मी माझ्या काळात नावे सर्रास छापली आणि दोन ठिकाणी लोकांनी माझ्याशी बोलणे सोडले. मार्गदर्शकांना विचारा.

कृष्णाकाठची

परीक्षा काल झाली, म्हणून कळवते.

मार्गदर्शक बाईंनी एका पानाचे शुद्धिपत्रक जोडायला परवानगी दिली होती. त्यात सहा ‘म्हणं’, पृष्ठ ५१ वरील ‘क्षमा मागितली’, तारीख आणि समारोपातील ते वाक्य एवढेच घेतले. वकीलताई, तुमचा सल्ला मानला नाही, त्याबद्दल राग नसावा. शीर्षक, पत्री आणि लूट यांच्याविषयी कोणीच काही विचारले नाही. बाह्य परीक्षकांनी शुद्धिपत्रक वाचून ‘मूळ मुद्रण आहे का?’ असे विचारले. मी मोबाइलवर ती सहा ओळींची जागा काढून ठेवली होती, ती लावली. त्यांनी ‘तवा बी मी गेलतो बघाय’ पर्यंत ऐकले, थांबवायला सांगितले आणि विचारले, ‘तो धोंडा आज तिथे आहे का?’ याचा सराव मी केलेला नव्हता. मी म्हणाले, ‘मी तो पाहिलेला नाही. आजोबांच्या सांगण्यावरून तो आहे.’ ते म्हणाले, ‘म्हणजे म्हणं.’ अंतर्गत परीक्षक हसले. मला या वेळी राग आला नाही, पण लाज वाटली, कारण ते शेत आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

शेताच्या नावाचा प्रश्न त्यांनी काढला नाही. ग्रंथालयात जाणाऱ्या प्रतीत तळटीप ठेवायची की नाही, हे बाई सोमवारी ठरवणार आहेत. आज सकाळी मी त्या नातवाबरोबरच शेतावर जाऊन आले. बांधावर एक धोंडा आहे, अर्धा मातीत, वर घाणेरी वाढलेली. तो म्हणाला की, हा सरकारी मोजणीचा दगड आहे आणि त्याच्या वडिलांच्या वेळी बसवला. मी छायाचित्र काढले आहे. मोजणीच्या दगडावर काही खूण असते का, हे कोणाला माहीत असेल तर कृपया सांगावे.

तासगावकर

आमच्या भावकीतला एक माणूस भूमी अभिलेखमध्ये होता. छायाचित्र टाका, त्याला दाखवतो.